अफेक्ट की इफेक्ट? रिकाम्या जागेच्या शेजारी पाहा

लातूरच्या अभ्यासिकेत बँकेच्या आणि स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांची तयारी करताना मी बहुतेकांना अफेक्ट आणि इफेक्टचे अर्थ पाठ करताना पाहिलं. पण मराठीत दोन्हींचा अर्थ शेवटी 'परिणाम' याच शब्दापाशी येतो, त्यामुळे रिकाम्या जागेसमोर पाठांतर कामी येत नाही. माझं काम झालं ते जागेच्या मागचा-पुढचा शब्द पाहून.

हे वाक्य घ्या: 'द ड्राउट हॅड ॲन ॲडव्हर्स ___ ऑन द सोयाबीन क्रॉप.' मागे 'ॲन' आणि विशेषण आहे, पुढे 'ऑन'. म्हणजे इथे नाम हवं: ई वरून सुरू होणारा इफेक्ट. आता तेच वाक्य थोडं बदला: 'द ड्राउट ॲडव्हर्सली ___ द सोयाबीन क्रॉप.' मागे 'ली' लागलेलं क्रियाविशेषण, पुढे थेट कर्म, आणि 'ऑन' कुठेच नाही. इथे क्रियापद हवं: अफेक्टेड. प्रश्न काढणारे नेमका हा 'ॲडव्हर्स-ॲडव्हर्सली'चा फरक पेरून ठेवतात.

आपल्याकडच्या मुलांचा घोळ 'ऑन'पाशी जास्त होतो, आणि त्याचं कारण आपल्या भाषेत आहे. आपण म्हणतो, दुष्काळाचा पिकावर परिणाम झाला. तो 'वर' डोक्यात असतो, म्हणून 'अफेक्टेड ऑन द क्रॉप' कानाला बरोबर वाटतं. पण अफेक्ट क्रियापद असताना त्याला कर्म थेट लागतं, मध्ये 'ऑन' येत नाही. चूक शोधा प्रकारच्या प्रश्नातही हेच विचारतात.

ही खूण एका ठिकाणी मात्र फसते. 'द न्यू वॉटर पॉलिसी विल ___ अ चेंज इन क्रॉपिंग पॅटर्न.' 'विल'नंतर क्रियापद हवं, म्हणून हात आपोआप अफेक्टकडे जातो. पण धोरण इथे बदल घडवून आणणार आहे, आणि 'घडवून आणणे' या अर्थी इफेक्ट हेच क्रियापद आहे. अफेक्ट घातलं तर आधीच चालू असलेल्या बदलावर धोरणाचा प्रभाव पडेल, असा वेगळाच अर्थ निघतो. म्हणून पुढे कर्म म्हणून चेंज, रिफॉर्म, ट्रान्सफर असे शब्द दिसले की थांबा आणि 'घडवून आणणे' घालून वाक्य वाचा. नीट बसलं तर इफेक्ट. (अफेक्ट नाम म्हणूनही आहे, मानसशास्त्रात, या परीक्षांसाठी त्यात वेळ घालवू नका.)

ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइज या जोडीलाही हीच तपासणी चालते: सी असलेलं नाम, एस असलेलं क्रियापद. पण शेवटी पी-एल-ई असलेलं प्रिन्सिपल म्हणजे तत्त्व आणि शेवटी पी-ए-एल असलेलं प्रिन्सिपल म्हणजे प्राचार्य किंवा मुद्दल, ही दोन्ही नामं आहेत. तिथे शेजारचे शब्द पुरत नाहीत, पूर्ण वाक्याचा अर्थ लावावाच लागतो. बँकेच्या परीक्षेत कर्जाच्या वाक्यात मुद्दलाचा पी-ए-एल विचारलेला असू शकतो, तत्त्वाचा पी-एल-ई नव्हे.