अर्जासोबत जुना रेझ्युमे गेल्यावर

पाठवलेला ईमेल परत घेण्याची जीमेलची मुदत फार तर 30 सेकंदांची असते आणि जुना रेझ्युमे जोडला गेल्याचे माझ्या लक्षात आले, तेव्हा ती केव्हाच उलटली होती. त्यामुळे ‘सेंट’मधील त्याच ईमेलला मी ‘रिप्लाय’ केले, कारण ‘फॉरवर्ड’ केल्यास जुनी फाइलही पुन्हा सोबत जाते. मजकूर एवढाच ठेवला: ‘महोदया, लेखापाल पदाच्या अर्जासाठी माझा अद्ययावत रेझ्युमे सोबत जोडला आहे. कृपया आधीच्या प्रतीऐवजी हाच ग्राह्य धरावा.’ दिलगिरीचा परिच्छेद मुद्दाम टाळला. त्याने चूकच आधी डोळ्यांत भरते. फाइलच्या नावात मात्र महिना व वर्ष घातले, म्हणजे दोन्ही प्रती डाउनलोड झाल्या तरी त्यांची गल्लत होणार नाही.