डेंग्यूची यमकं: आधी पिंपाचा काठ, मग जुळणी

वॉर्डातल्या कार्यक्रमासाठी डेंग्यूवर यमकं लिहायला घेतली, की पहिली ओळ बहुधा हीच सुचते: ‘पाणी साचू देऊ नका’. सोलापुरात ती खोडून टाका. इथे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी पिंपं आणि हौद भरलेले असतात. पाणी साठवूच नका म्हटलं, तर ऐकणारी बाई मनात हसेल आणि पुढचं काही ऐकणार नाही.

एका कडव्यात एकच काम सांगा. मात्रा मोजत बसू नका, ओळीला आठ अक्षरं पुरतात. फ्रिज, कूलर, टायर, कुंडीखालची थाळी हे सोपं आहे:

फ्रिजमागची ताटली,
बघायची का राहिली?

खरी गोम पिंपात आहे. एडिस डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला ती चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. त्यानंतर साधारण आठवडा-दहा दिवसांत डास उडतो. म्हणजे पिंप नुसतं उपडं करून पुन्हा भरलं, तर आतल्या अळ्या गेल्या, अंडी तिथेच राहिली. बहुतेक घोषणा ‘पाणी ओता’ म्हणून थांबतात, कारण ‘ओता’ला यमक पटकन सापडतं. यमकासाठी काम अर्धं सोडू नका. यमक जुळत नसेल तर शब्द बदला, ‘घासणं’ मात्र ओळीत राहिलंच पाहिजे.

आता वेळ. भरल्या पिंपाला कुणी घासणार नाही, आणि ‘आठवड्यातून एकदा’ हे कुणाच्या लक्षात राहत नाही. पिंप तळाला जातं ते नळ यायच्या आधी, म्हणून काम त्याच दिवसाला बांधा:

पाणी ओतलं, भागेना;
अंडं काठाचं निघेना.
घास काथ्यानं कडेला
नळ येण्याच्या वेळेला.

मोठा हौद असा रिकामा होत नाही. तिथे गच्च झाकण किंवा गप्पी मासे, आणि त्याचं कडवं वेगळं. दोन्ही कामं एकाच कडव्यात कोंबली की माणसं सोपं तेवढं उचलतात.

तापाच्या गोळ्यांवर यमक करूच नका. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नये, ताप आला की दवाखान्यात जावं, हे माइकवर साध्या भाषेत सांगा.

कडवं छापण्याआधी शेजारच्या एखाद्या मावशींना एकदाच ऐकवा आणि विचारा, “मावशी, आता काय करायचं?” त्या “पाणी ओतायचं” म्हणाल्या तर पुन्हा लिहा. “काठ घासायचा” म्हणाल्या तर छापायला द्या. पूर्व भागातल्या तेलुगू घरांसाठी मराठी कडव्याचं भाषांतर करू नका. यमकही जातं आणि ठेकाही. तिथल्याच कुणाला काम समजावून सांगा आणि त्यांच्या भाषेत नवं रचायला लावा.