आजन्म पेन्शनची आजची किंमत कशी काढतात?

‘जिवंत असेपर्यंत दरमहा ३०,००० रुपये’ असा शब्द कंपनीने निवृत्त कर्मचाऱ्याला दिला, की ताळेबंदात त्यासमोर आज किती रक्कम लिहायची हे अ‍ॅक्चुअरीला, म्हणजे विमा-पेन्शनचं गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाला, ठरवावं लागतं. हा हिशेब एक्सेलमध्ये कुणालाही करून पाहता येतो. आपण साठ वर्षांचा एक पेन्शनर घेऊ. वर्षाला ३,६०,००० रुपये, महागाईवाढ नाही, मागे कुटुंबपेन्शन नाही, आणि सोयीसाठी रक्कम वर्षाअखेरीस एकदम.

१. माणसं किती उरतील ते मांडा. एक माणूस कधी जाईल हे कुणी सांगू शकत नाही, म्हणून अशी शंभर माणसं धरायची. समजा त्यांतली ७० व्या वर्षी ८९, ८० व्या वर्षी ६५, ९० व्या वर्षी २६ आणि शंभरीला २ हयात असतील. (हे आकडे उदाहरणापुरते.) प्रत्यक्षात मृत्युदराचा तक्ता वापरतात, म्हणजे कोणत्या वयात किती टक्के माणसं जातात याची यादी. भारतात पेन्शन घेणाऱ्यांसाठी २०१२-१५ च्या अनुभवावर बेतलेला वेगळा तक्ता आहे, आणि तोच का हवा हे समजून घ्या. आयुर्विमा उतरवलेल्यांच्या तक्त्यात मृत्यू थोडे जास्त धरले, तर विमा कंपनी सावध राहते. पेन्शनमध्ये तीच सावधगिरी उलटते, कारण मृत्यू जास्त धरले की देणं कमी दिसतं.

२. व्याजदर निवडा. इथे बहुतेकांची गाडी चुकते. पेन्शनसाठी बाजूला ठेवलेल्या फंडातले पैसे शेअर बाजारात १० टक्के कमावतील अशी आशा असली, तरी देणं त्या दराने मोजायचं नाही. कंपनीचा शब्द पक्का आहे, बाजाराचा परतावा पक्का नाही. भारतीय लेखामानकांनुसार ताळेबंदाच्या तारखेचा सरकारी रोख्यांचा दर घेतात, तोही देण्याच्या मुदतीशी जुळणारा. आपण ७ टक्के धरू.

३. दर वर्षाचा गुणाकार करा. रक्कम, हयात असण्याची शक्यता आणि त्या वर्षाच्या रुपयाची आजची किंमत, असे तीन आकडे गुणायचे. दहाव्या वर्षाचा रुपया आज ५१ पैशांचा, विसाव्याचा २६ पैशांचा. म्हणून दहाव्या वर्षाच्या हप्त्याची आजची किंमत सुमारे १.६३ लाख येते, विसाव्याची ६० हजार आणि तिसाव्याची जेमतेम १२ हजार. चाळीस वर्षांच्या ओळी उतरवून बेरीज केली, की सुमारे ३७.५ लाख येतात.

‘सरासरी आयुष्य घ्या आणि तेवढे हप्ते मोजा’ हा शॉर्टकट मोहात पाडणारा आहे. वरच्या आकड्यांत सरासरी २२.६ हप्ते पडतात. तितके हप्ते खात्रीचे धरून ७ टक्क्यांनी मोजले, तर ४०.३ लाख येतात, म्हणजे पावणेतीन लाख जास्त. नव्वदीपलीकडे जगणाऱ्यांमुळे सरासरी वाढते, पण त्यांचे उशिराचे हप्ते आज फार स्वस्त असतात. लवकर जाणाऱ्यांचे जे हप्ते वाचतात, ते मात्र महागडे. सरासरीत हा फरक विरघळून जातो.

४. दोन्ही गृहीतकं हलवून पाहा. व्याजदर ७ वरून ६ टक्के केला, तर देणं ४१.१ लाख होतं, जवळपास साडेनऊ टक्के वाढ. आयुष्याचं गृहीतक हलवण्याची एक जुनी युक्ती आहे: पेन्शनर ६० चा असला, तरी तक्त्यात ५९ चा धरायचा. त्याने देणं फक्त ६०-६५ हजारांनी वाढतं. तेव्हा व्याजदरच मोठा, असं वाटेल. थांबा. पेन्शन दर वर्षी ५ टक्के वाढत असेल, तर तेच देणं साठ लाखांच्या पुढे जातं, कारण ७ टक्क्यांची कात्री आता जेमतेम दोन टक्क्यांची उरते. मग ऐंशी-नव्वदीतले हप्ते स्वस्त राहत नाहीत आणि माणूस किती जगतो याला वजन येतं. महागाई भत्त्याशी जोडलेल्या पेन्शनमध्ये आयुष्याचं गृहीतक ढिलं ठेवणं म्हणूनच महागात पडतं.

५. दर वर्षी अंदाज पडताळा. तक्त्यानुसार किती पेन्शनर जायला हवे होते आणि प्रत्यक्षात किती गेले, हे शेजारी लिहा. आपल्या शंभर जणांत पहिल्या वर्षी जेमतेम एक मृत्यू अपेक्षित आहे, नेमका आकडा ०.८ आहे. तेव्हा लहान फंडात एका वर्षाच्या फरकावरून तक्ता बदलू नये. दोन हजार पेन्शनरांमध्ये अपेक्षित ४० ऐवजी ३० मृत्यू एका वर्षी झाले, तर तो योगायोगही असेल. तीन-चार वर्षं तसंच होत राहिलं, तर आपले पेन्शनर तक्त्यापेक्षा जास्त जगताहेत. अशा वेळी तक्त्यातले मृत्युदर काही टक्क्यांनी खाली आणायचे आणि पहिल्या पायरीपासून हिशेब पुन्हा करायचा.