परचेस ऑर्डर आणि अ‍ॅक्नॉलेजमेंट यांच्या अटी जुळत नाहीत तेव्हा : या चुका टाळा

परचेस ऑर्डरच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात एक कलम हमखास असते : ‘ही ऑर्डर केवळ येथे दिलेल्या अटींवरच स्वीकारता येईल, विक्रेत्याच्या वेगळ्या वा अधिकच्या अटी आम्हाला मान्य नाहीत.’ विक्रेत्याकडून परत येणाऱ्या ऑर्डर अ‍ॅक्नॉलेजमेंटच्या तळाशीही जवळजवळ याच शब्दांतले, पण उलट दिशेचे कलम छापलेले असते. दोन्ही बाजू आपापला कागद फाइलला लावतात, माल येतो, बिल चुकते होते आणि नेमके कोणत्या अटींवर हे सगळे झाले, हा प्रश्न बिघाड होईपर्यंत कोणी विचारत नाही. पुढच्या चुका मी खरेदी विभागाच्या बाजूने मांडल्या आहेत, तरी त्यांतील बहुतेक विक्रेत्यालाही लागू पडतात.

एक उदाहरण घेऊ. खरेदीदाराने ४ मार्चला १२ पंपांची ऑर्डर पाठवली आणि तीत पंप कार्यान्वित झाल्यापासून १८ महिन्यांची वॉरंटी मागितली. ७ मार्चला विक्रेत्याची अ‍ॅक्नॉलेजमेंट आली. किंमत, संख्या आणि डिलिव्हरीची तारीख तंतोतंत जुळत होती. मात्र वॉरंटी माल रवाना झाल्यापासून १२ महिन्यांची होती आणि ‘आमच्याच अटी लागू’ असे खाली छापलेले होते. १५ एप्रिलला माल रवाना झाला, १० जूनला पंप सुरू झाले आणि पुढच्या वर्षी २० मे रोजी तीन पंपांची बेअरिंगे निकामी झाली. खरेदीदाराच्या कागदानुसार वॉरंटी १० डिसेंबरपर्यंत आहे, तर विक्रेत्याच्या कागदानुसार ती महिन्याभरापूर्वीच संपली आहे.

पहिली चूक म्हणजे ‘आमच्या ऑर्डरमध्ये लिहिले आहे, म्हणून तेच लागू’ असे गृहीत धरणे. ऑर्डर हा बहुधा प्रस्ताव असतो. करार होतो तो स्वीकृतीने. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७ नुसार स्वीकृती निरपवाद आणि बिनशर्त असावी लागते. वॉरंटी बदलून पाठवलेली अ‍ॅक्नॉलेजमेंट त्यामुळे स्वीकृती न ठरता नवा प्रतिप्रस्ताव ठरू शकते, आणि तो प्रतिप्रस्ताव हातात असताना काहीही न बोलता माल उतरवून घेतला व पैसे दिले, तर खरेदीदाराने तो आपल्या कृतीने स्वीकारला असा युक्तिवाद उभा राहतो. या विचारसरणीत शेवटचा कागद ज्याचा, त्याच्या अटी टिकतात आणि वरच्या उदाहरणात खरेदीदार हरतो.

सगळीकडे मात्र असे होत नाही. अमेरिकेच्या युनिफॉर्म कमर्शियल कोडमधील कलम २-२०७ नुसार, कागदांवरून करार सिद्ध होत नसला पण दोन्ही बाजू करार झाल्यासारख्या वागल्या असल्या, तर दोन्ही कागदांत समान असलेल्या अटी राहतात आणि उरलेली जागा कायद्याच्या सर्वसाधारण तरतुदी भरून काढतात. तेव्हा १८ महिनेही नाहीत आणि १२ महिनेही नाहीत. बेअरिंगमधला दोष माल देतानाच होता का, हे खरेदीदाराला सिद्ध करत बसावे लागते. म्हणूनच कोणता कायदा लागू, हे कलम मागच्या पानावर न ठेवता ऑर्डरच्या दर्शनी भागात किंमतीशेजारी लिहावे, असे माझे ठाम मत आहे. तेही दोन्ही कागदांत वेगळे निघाले, तर वाद कुठे आणि कशाच्या आधारे मिटवायचा, इथूनच भांडण सुरू होते.

दुसरी चूक अधिक साधी आणि अधिक महाग : अ‍ॅक्नॉलेजमेंट केवळ डिलिव्हरीच्या तारखेसाठी वाचणे. संख्या, दर आणि तारीख जुळली की शेरा मारला जातो. अटींचे पान उलटलेच जात नाही. निदान वॉरंटी, पैसे देण्याची मुदत, विलंबदंड, नुकसानभरपाईची कमाल मर्यादा आणि वाद मिटवण्याची पद्धत या पाच जागा तरी शेजारी ठेवून ताडून पाहाव्यात. आंतरराष्ट्रीय माल-विक्रीच्या संयुक्त राष्ट्र कराराचे कलम १९ किंमत, पैसे देणे, मालाचा दर्जा व संख्या, डिलिव्हरीचे ठिकाण व वेळ, उत्तरदायित्वाची व्याप्ती आणि वादनिवारण यांतील बदलांना मूलभूत बदल मानते. काय ताडायचे याची ती यादी, तो करार तुमच्या व्यवहाराला लागू नसला तरी, हाताशी ठेवण्यासारखी आहे.

तिसरी चूक खरेदीदार स्वतःच्या हाताने करतो. ऑर्डरमध्ये ‘आपल्या अमुक तारखेच्या कोटेशननुसार’ एवढेच लिहिले, तर त्या कोटेशनला जोडलेल्या विक्रेत्याच्या अटीही आत ओढल्या गेल्या, असे म्हणायला वाव मिळतो. संदर्भ द्यायचाच असेल, तर ‘केवळ मालाचे वर्णन आणि दर यांपुरता, कोटेशनसोबतच्या इतर अटी या ऑर्डरचा भाग नाहीत’ असे त्याच ओळीत लिहावे.

या एका ओळीवर किती अवलंबून असते, ते इंग्लंडमधील बटलर मशीन टूल विरुद्ध एक्स-सेल-ओ या खटल्यातून दिसते. १९६९ च्या मे महिन्यात विक्रेत्याने ७५,५३५ पौंडांचे कोटेशन दिले. त्यात खर्च वाढल्यास किंमत वाढवण्याची अट होती. खरेदीदाराने आपल्या अटींवर ऑर्डर दिली, आणि तिच्या तळाशी फाडून परत पाठवायची चिठ्ठी होती : ‘ऑर्डरवरील अटींवर आम्ही ती स्वीकारतो.’ विक्रेत्याने सही करून ती परत केली, मात्र सोबतच्या पत्रात आपल्या कोटेशनचा उल्लेख केला. पुढे त्याने २,८९२ पौंड जास्त मागितले. अपील न्यायालयाने पत्रातील तो उल्लेख यंत्राची ओळख आणि किंमत यांपुरताच मानला, आणि सही केलेल्या चिठ्ठीमुळे खरेदीदाराच्या अटी लागू ठरवल्या. सही केलेली प्रत परत मागण्याची पद्धत म्हणूनच निव्वळ कार्यालयीन उपचार नाही. ती प्रत आल्याशिवाय सिस्टिममध्ये ऑर्डर ‘स्वीकृत’ दाखवू नये.

चौथी चूक म्हणजे मौनावर विसंबणे. ‘सात दिवसांत हरकत न आल्यास अटी मान्य समजू’ हे वाक्य लिहिणाऱ्याला धीर देते, पण केवळ गप्प राहणे ही सर्वसाधारणपणे स्वीकृती नसते. उलट कृती ही स्वीकृती असू शकते. विक्रेत्याने आक्षेप न घेता उत्पादन सुरू केले किंवा माल पाठवला, तर तो खरेदीदाराच्या अटींवर चालला असे म्हणता येते. खरेदीदाराने माल घेतला, तर वर सांगितलेला धोका त्याच्याकडे येतो. हा घोटाळा फाटकापाशी होतो, कारण गोदामातील माणसाला खरेदी विभागाचा पत्रव्यवहार माहीतच नसतो. वाद मिटेपर्यंत त्या ऑर्डरची आवक सिस्टिममध्ये रोखून ठेवावी.

तफावत माल निघण्यापूर्वी लक्षात आली, तर हरकत मोघम नको. ‘आमच्याच अटी लागू’ असे पुन्हा कळवल्याने कागदांची लढाई एका पायरीने वाढते, एवढेच. त्यापेक्षा असे लिहावे : ‘आपल्या ७ मार्चच्या अ‍ॅक्नॉलेजमेंटमधील वॉरंटीचे कलम आम्हाला मान्य नाही. कार्यान्वित झाल्यापासून १८ महिने ही अट लागू राहील. आपली लेखी संमती मिळेपर्यंत माल रवाना करू नये.’ विक्रेता नाही म्हणाला, तर निदान रवानगीपासून १५ महिने अशा मधल्या आकड्यावर बोलणी करता येतात, आणि जे ठरेल ते दोघांच्या सहीने सुधारित ऑर्डरमध्ये घालता येते.

बिघाडानंतरच जाग आली असेल, तर कोटेशनपासून बिलापर्यंत सगळे कागद तारखेने लावून प्रत्येकासमोर तो प्रस्ताव, प्रतिप्रस्ताव की स्वीकृती, हे लिहावे. कोटेशन पुरेसे नेमके असेल तर तोच प्रस्ताव ठरतो आणि ऑर्डर प्रतिप्रस्ताव होते, त्यामुळे सुरुवात तिथूनच करावी. ईमेलही याच क्रमात घालावेत. ‘१८ महिने ठीक आहे’ असे विक्रेत्याच्या अधिकृत प्रतिनिधीने लिहिलेले एक वाक्य सापडले, तर छापील कलमांपेक्षा तेच जड ठरण्याची शक्यता असते. वकिलाकडे जायचे ते ही यादी हातात घेऊन, आणि यादी पूर्ण होईपर्यंत विक्रेत्याला पाठवायच्या कोणत्याही पत्रात त्याच्या १२ महिन्यांच्या अटीचा ‘वॉरंटी’ म्हणून उल्लेख करू नये.