मजकूर माणसाचा की मॉडेलचा? डिटेक्टर वापरताना या चुका टाळा

मॉडेलने लिहिलेला मजकूर ओळखणारे डिटेक्टर दोन जातींचे असतात. फाइन-ट्यून केलेला क्लासिफायर दोन्ही प्रकारची उदाहरणे पाहून फरक शिकतो. २०१९ मध्ये जीपीटी-२ या भाषा-मॉडेलचा मजकूर ओळखायला रॉबर्टा हे दुसरे मॉडेल असेच वापरले होते. सांख्यिकी डिटेक्टर मात्र काही शिकत नाही. एखाद्या भाषा-मॉडेलला हा मजकूर किती अनपेक्षित वाटतो, ते तो मोजतो. त्या मापाला पर्प्लेक्सिटी म्हणतात, आणि ती कमी आली की शिक्का बसतो: यंत्राचा.

इंग्रजीवर ठरवलेली सीमा मराठीला लावणे

ही चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण ती दिसत नाही. मॉडेल मजकूर टोकन नावाच्या तुकड्यांत वाचते, आणि ते तुकडे टोकनायझर पाडतो. जीपीटी-२ चा टोकनायझर बाइटवर चालतो आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. ‘क’ म्हणजे `E0 A4 95`. देवनागरीत पहिले दोन बाइट `E0 A4` किंवा `E0 A5` एवढेच असतात, त्यामुळे ते ओळखणे मॉडेलला सोपे जाते.

समजा, ‘क’ ची शक्यता ०.०४ आहे. तो एकच टोकन असेल तर पर्प्लेक्सिटी १ ÷ ०.०४ म्हणजे २५ येते. तोच दोन तुकड्यांत फुटला, पहिल्याची शक्यता ०.८ आणि दुसऱ्याची ०.०५, तर गुणाकार ०.०४ च राहतो; पण सरासरी आता दोन टोकनांवर निघते आणि पर्प्लेक्सिटी २५ चे वर्गमूळ, म्हणजे ५ होते. सीमा १५ वर असेल तर माणसाचे लेखन एका फटक्यात यंत्राचे ठरले! अक्षर तेच, शक्यताही तीच.

म्हणून टोकनांऐवजी चिन्हांनी भागा. इथे P म्हणजे पूर्ण मजकुराची शक्यता आणि n_chars म्हणजे चिन्हांची संख्या:

```
bits_per_char = -log2(P) / n_chars
```

दोन्ही वेळा उत्तर ४.६४ येते. तरीही सीमा नव्याने ठरवावी लागते, आणि तीही त्याच भाषेतल्या, त्याच प्रकारच्या, खात्रीने माणसांनी लिहिलेल्या मजकुरावरून. ठरीव साच्यातले अर्ज किंवा फार प्रसिद्ध उतारे माणसांचे असूनही कमीच गुण घेतात.

क्लासिफायरच्या ०.९९ ला खात्री समजणे

मजकूर यंत्राचा असावा असे क्लासिफायरला किती वाटते, ते तो ० ते १ मधल्या आकड्यात सांगतो. तो वेगळ्या जागी मोडतो. प्रशिक्षणात माणसांचा मजकूर घाईने टाइप केलेला आणि यंत्राचा नीटनेटका असेल, तर तो शैलीऐवजी नीटनेटकेपणाच शिकून बसतो. चाचणीचा संच त्याच ढिगातून काढलेला असला की गुण उत्तमच दिसतात. हे पकडायचे तर माणसाचा एक उतारा घ्या, शब्द तसेच ठेवून फक्त मोकळ्या जागा, ओळी आणि विरामचिन्हे नीट करा, आणि पुन्हा तपासा. आकडा ०.१ वरून ०.९ वर उडाला, तर तो लेखनाबद्दल काहीच सांगत नव्हता. प्रशिक्षणात नसलेल्या मॉडेलचा मजकूरही वेगळा तपासा. तिथे तो बिनदिक्कत ‘माणूस’ म्हणू शकतो.

दोघांच्या गुणांची सरासरी काढून हे सुटत नाही. दोघांचे मत जुळले नाही, तर आधी टोकन मोजा, मग हीच साफसफाईची चाचणी करा.