पुरवठादाराचं खातं बदललं असं पत्र आलं, तर पैसे सोडण्यापूर्वीची तयारी

दर, नग, जीएसटी, पीओ नंबर जुळवायचे, हे सांगायला नको. माझंही सगळं जुळलं होतं. गोरेगावच्या आमच्या गाळ्यात इलेक्ट्रिक पॅनल बनतात आणि तांब्याच्या पट्ट्या आम्ही भुलेश्वरकडच्या एका व्यापाऱ्याकडून नऊ वर्षं घेतोय. बिल ३,८४,००० रुपयांचं. मेल त्यांच्याच नेहमीच्या पत्त्यावरून, आमच्या आधीच्या मेलांना जोडून आलेला. सोबत लेटरहेडवर पत्र की जुन्या खात्याचं ऑडिट चालू आहे, पेमेंट नव्या खात्यात करावं. सही, शिक्का, कॅन्सल चेक, सगळं जागच्या जागी.

तेव्हा पहिलं काम फोन. आणि तो पत्रावरच्या नंबरवर नाही. मी फोन केला होता हो! पत्राच्या तळाशी मोबाइल नंबर होता, घाईत तोच लावला. पलीकडचा माणूस अदबीने म्हणाला, "हो साहेब, खातं बदललंय. विचारलंत ते बरं केलंत." मी आरटीजीएस केलं आणि निवांत चहा प्यायलो. नवव्या दिवशी खऱ्या शेठचा फोन, "अहो, पेमेंटचं काय झालं?"

नंबर घ्यायचा तो जुन्या फाइलमधून. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या कागदी बिलावरून, किंवा ज्या नंबरवर माल कधी येतोय म्हणून आपण नेहमी भांडतो, त्यावरून. नव्या मेलमधून, नव्या बिलातून, नव्या पत्रातून नाही. त्याच मेलला रिप्लाय करून विचारू नका. मेलबॉक्सचा पासवर्ड चोराकडे असेल तर उत्तरही तोच देणार. व्हॉट्सॲपवर "ओके" आलं म्हणजेही झालं नाही. आवाज ओळखीचा हवा. आणि फोनवर आपण खाते नंबर वाचून दाखवून "बरोबर ना?" विचारायचं नाही, समोरचा घाईत हो म्हणून टाकतो. "शेठ, खातं बदललंय का? नव्या खात्याचे शेवटचे चार आकडे सांगा," असं विचारायचं. आमच्या शेठना तेव्हा हे विचारलं असतं तर ते म्हणाले असते, "कुठलं नवं खातं?"

आता ज्यावर मी विसंबलो त्या गोष्टी. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला, नाव बरोबर आलं. येणारच; चोराने खरंच बिल उचलून फक्त बँकेच्या ओळी बदलल्या होत्या. ई-इन्व्हॉइसचा क्यूआर स्कॅन केला, तोही खरा निघाला. त्या क्यूआरमध्ये दोघांचे जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, रक्कम वगैरे असतं, बँक खातं नसतं. कॅन्सल चेकचा फोटो तर कोणीही बनवतो.

आयएफएससी मात्र बघा. पहिली चार अक्षरं बँकेची, मग शून्य, शेवटचे सहा शाखेचे. आमचा कोड मी नंतर तपासला, तर शाखा परराज्यातली. भुलेश्वरच्या व्यापाऱ्याचं खातं तिथे कशाला असेल?

मग नाव. एनईएफटी-आरटीजीएसमध्ये पैसे जमा होतात ते खाते नंबरावर. आपण भरलेलं नाव बँक जुळवून बघेल, हा माझा गोड गैरसमज होता. रिझर्व्ह बँकेने बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय द्यायला सांगितलं. लाभार्थी जोडताना ते नाव वाचा, नुसतं पुढे-पुढे दाबू नका. हवं तर आयएमपीएसने १ रुपया पाठवा आणि तो आला का हे शेठना विचारा. कुठल्या नंबरवर? जुन्या. नाव जुळलं तरी फोन टळत नाही, कारण मिळत्याजुळत्या नावाने खातं उघडता येतं.

बाकी थोडक्यात. नवं खातं एकाने भरायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं, आणि मंजूर करणाऱ्याने फोन कोणाला, किती वाजता, कुठल्या नंबरवर केला ते बिलावर पेनने लिहायचं. त्याशिवाय सही नाही. शुक्रवारी संध्याकाळी "अर्जंट" आलं तर सोमवारी. शेठ ओरडले तर ओरडू देत.

पैसे गेलेच तर यूटीआर नंबर हातात घेऊन लगेच आपल्या बँकेला आणि 1930 ला फोन, मग cybercrime.gov.in वर तक्रार. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत गोठवता आले तरच काही हाती लागतं. मी नवव्या दिवशी केला. खात्यात ११,२०० उरले होते. शेठना मेलचा पासवर्ड बदलायला आणि मेल परस्पर दुसरीकडे फॉरवर्ड होतायत का ते बघायला सांगा; त्यांच्याकडे होत होते. त्यांचा लँडलाइन नंबर आता आमच्या टेबलाच्या काचेखाली आहे, २०१६ च्या बिलावरून कापलेला.