उठताना चक्कर येते म्हणजे बीपीच लो झाला असं नाही, या चुका टाळा

सोलापुरात एप्रिल-मे लागला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर रोज दोन-चार जण तरी "चक्करची गोळी द्या हो" म्हणत येतात. मी विचारतो, चक्कर कशी येते? उत्तर ठरलेलं, "उठलं की येते, बीपी लो असणार, ऊनच तसलं आहे." ऊन तसलं आहे हे खरंच, पण मोठी चूक इथंच होते, कारण उठताना येणाऱ्या चक्करीत निदान दोन अगदी वेगळे आजार असतात आणि एकावरचा इलाज दुसऱ्याला काडीचा उपयोगाचा नाही.

माझ्या सख्ख्या मावशीचंच सांगतो. वय ६२, बीपीची गोळी चालू. एके दिवशी पहाटे अंथरुणातून उठायला गेली आणि खोली गरगर फिरली, उलटी झाली, पलंगाची कड धरून बसून राहिली. घरच्यांनी मीठ-साखर-लिंबू पाणी दिलं, शेजारच्यांनी सांगितलं बीपीची गोळी बंद करा, तिनं केली सुद्धा. चार दिवसांनी बीपी १७२ आणि चक्कर होती तशीच! मग कोणीतरी मानेचा एक्स-रे काढायला लावला, त्यात मणक्याची झीज दिसली (साठीनंतर ती बहुतेकांच्यात दिसते), लगेच गळ्यात पट्टा. पट्ट्यानं थोडा फरक पडला म्हणे, तो का पडला ते पुढं कळेल.

मी तिला एवढंच विचारलं, "मावशी, झोपलेली असताना, न उठता, नुसती कूस बदलली तर?"

"अरे तेव्हाच तर जास्त येते, उजवीकडं वळले की संपलं. आणि परवा माळ्यावरचा कडक भाकरीचा डबा काढायला मान वर केली तर तिथंही आली. खुर्चीतून उठलं तर काही नाही बघ."

इथंच निम्मं उत्तर मिळालं. माणूस आडवाच असेल तर नुसती कूस बदलून बीपी पडत नाही, बीपी पडतो तो उभं राहिल्यावर, रक्त पायात उतरतं म्हणून. कूस बदलताना, मान वर करताना, वाकताना गरगरतं आणि ते गरगरणं मिनिटाच्या आत थांबतं, तर बहुतेक वेळा दोष आतल्या कानाचा असतो. कानात चुनखडीसारखे बारीक कण असतात, ते जागचे सुटून तोल सांभाळणाऱ्या अर्धगोल नळीत जातात आणि डोकं वळलं की तिथं सरकतात, मेंदूला वाटतं आपण फिरतोय. पट्ट्यानं मान हलायची कमी झाली, म्हणून चक्कर कमी झाली, मानेचा काही संबंध नव्हता.

ईएनटी डॉक्टरांनी तिला तपासणीच्या पलंगावर बसवलं, डोकं उजवीकडं वळवून झटकन मागं आडवं केलं, डोकं पलंगाच्या कडेखाली थोडं लोंबतं. दोन-तीन सेकंद काही नाही, मग डोळ्यांची बुबुळं फिरल्यासारखी थरथरायला लागली आणि मावशी ओरडली. थोड्या वेळात थांबलं. उजवा कान नक्की झाला, मग तिथूनच त्यांनी डोकं हळू डावीकडं वळवलं, अर्धा-एक मिनिट थांबले, मग तिला पूर्ण डाव्या कुशीवर घेतलं, नाक जमिनीकडं, परत थांबले, आणि उठवून बसवलं. याला एप्ली म्हणतात, यात ते कण नळीतून बाहेर काढून जागेवर नेतात. दोन वेळा केलं आणि चक्कर गेली. मोबाईलवर बघून घरी करणारे आहेत, पण कान कुठला ते माहीत नसताना चुकीच्या बाजूनं केलं तर काही उपयोग नाही, पहिल्यांदा तरी डॉक्टरकडूनच करून घ्या. परत उद्भवू शकतं, ते धरून चाला.

आता दुसरा प्रकार. आमच्या गल्लीतले एक काका, ७० च्या पुढचे, बीपीची गोळी, त्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं, वर प्रोस्टेटची गोळी. रात्री लघवीला उठले की डोळ्यापुढं अंधारी, एकदा बाथरूमच्या दारात पडले. झोपलेले असताना कितीही वळा, काही नाही. खुर्चीतून उठलं तरी अंधारी, बसलं की बरं. म्हणून मी मशीन घेऊन घरी गेलो. "काका, पाच मिनिटं आडवे पडा" म्हटलं, बीपी १४८/८४. उभं केलं, एका मिनिटानं १२०/७०, तीन मिनिटांनी १२२/७२. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं पडला तर तो खरा उठतानाचा लो बीपी. दवाखान्यात बसवून मोजतात, तिथं हा दिसतच नाही, उलट बीपी जास्त दिसतो आणि गोळी वाढते! काकांनी हे आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवले, डॉक्टरांनी लघवीचं औषध उन्हाळ्यापुरतं काढलं, पाणी वाढवायला सांगितलं, रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून पावलं वरखाली हलवायची आणि लघवी बसूनच करायची. गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, मावशीचे १७२ लक्षात आहेत ना. जुनी शुगर असणाऱ्यांच्यातही हे होतं, नसा मंदावतात म्हणून.

उठताना अंधारी नवीनच सुरू झाली, सोबत गुडघेदुखीची गोळी रोज चालू आणि शौचाला डांबरासारखं काळं होतंय, तर ते पोटातलं रक्त असू शकतं, त्याच दिवशी दवाखाना गाठा. (लोहाच्या गोळीनंही शौच काळी होते, पण ते ठरवणं डॉक्टरचं काम.) जिना चढताना किंवा काही कळायच्या आत धाडकन बेशुद्ध पडलं तर हृदय तपासा, त्याला लिंबूपाणी नको.

आणि चक्करची गोळी. प्रोक्लोरपेराझिन उलटी-गरगर असताना दोन-तीन दिवस ठीक, पण लोक जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने नेतात. वयस्कर माणसाला तिनं हात थरथरतात, चालणं जड होतं आणि उभं राहिल्यावर बीपी पडतो, म्हणजे ज्यासाठी घेतली तेच वाढतं. मी जुन्या चिठ्ठीवर देत नाही, गिऱ्हाईक चिडतं, चिडू दे.

वर सांगितलेलं सगळं येऊन-जाऊन असणाऱ्या चक्करीचं. गरगर सुरू झाली आणि थांबतच नाही, स्वस्थ पडून राहिलं तरी तासन्‌तास चालू, तर गोष्ट वेगळी. कानाच्या नसेला सूज आली तरी असं होतं, तेव्हा माणूस भिंत धरून का होईना चालतो. पण धरूनही उभं राहता येत नाही, एकाचे दोन दिसतात, जीभ जड, तोंड वाकडं, चेहऱ्याचा किंवा अंगाचा एक भाग बधिर, किंवा डोकं-मान अचानक भयंकर दुखायला लागली, यातलं एक जरी असेल तर मेंदूच्या मागच्या भागातला झटका धरून १०८ लावा. पन्नाशीनंतर, बीपी-शुगर असताना पहिल्यांदाच अशी न थांबणारी चक्कर आली तर बाकी काही नसलं तरी दवाखान्यातच जा. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर तेही त्याच दिवशी दाखवा. सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून घरी परतू नका, मागच्या भागातला ताजा झटका सीटीत बऱ्याचदा दिसत नाही, डॉक्टरांना एमआरआयचं विचारा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात आणि ते तास धरतात पेशंट शेवटचा ठीक होता तिथून, म्हणून निघायच्या आधी घड्याळ बघून ती वेळ कागदावर लिहून खिशात टाका, चालू गोळ्यांची पाकिटंही सोबत घ्या.